सुई आधी की प्रश्न आधी?

भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर काकांचा दवाखाना आहे. तीन पिढ्यांचे ताप-खोकले त्यांनी तिथे पाहिले. त्यांची पुतणी परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात किडनीविकार विभागात काम करते. दोघांचं बहुतेक बाबतींत जमतं, पण किडनीच्या बायोप्सीचा विषय निघाला की जमत नाही. काकांच्या मते ही तपासणी आता गरजेपेक्षा जास्त होते. पुतणी म्हणते, जिथे व्हायला हवी तिथे ती उशिरा होते. संवादातली ही दोन माणसं आणि त्यांचा रुग्ण प्रातिनिधिक आहेत. मात्र असे रुग्ण महाराष्ट्रात खरोखर सापडले आहेत, आणि पुढचा वाद त्यांच्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

रुग्ण चौतीस वर्षांची. भाईंदरच्या स्टील-भांड्यांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. सकाळी डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळी पावलं सुजलेली, लघवीला साबणासारखा फेस. काकांनी लघवी तपासली तेव्हा पट्टीवर प्रथिनं चार प्लस आली. चोवीस तासांच्या लघवीतून ६.२ ग्रॅम प्रथिनं जात होती. साडेतीन ग्रॅमच्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात. रक्तातलं अल्ब्युमिन २.२ वर उतरलेलं, कोलेस्टेरॉल वाढलेलं. क्रिएटिनिन मात्र ०.७, म्हणजे उत्तम. रक्तदाब ठीक, साखर ठीक, लघवीत लाल पेशी नाहीत. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या नेहमीच्या आकाराच्या.

‘‘हा नेफ्रोटिक सिंड्रोम आहे, हे मलाही कळतं,’’ काका म्हणाले. ‘‘लहान मुलांना होतो तेव्हा तुम्ही सुई कुठे टोचता? स्टेरॉइड सुरू करता आणि सूज उतरते. मग हिला का टोचायचं?’’

‘‘कारण मुलांमध्ये बहुतेक वेळा एकच आजार निघतो आणि तो स्टेरॉइडला दाद देतो. तिथे औषधाने फरक पडला, की तेच निदान. मोठ्या माणसाच्या अशाच सुजेमागे चार-पाच वेगळे आजार असू शकतात. बाहेरून ते सारखे दिसतात, औषधं मात्र वेगळी. त्यातला मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी हा आजार नुसत्या स्टेरॉइडने हटत नाही. तुम्ही तिला रोज साठ मिलिग्रॅम द्याल. दोन महिन्यांनी तोंड सुजलेलंच असेल, साखर वाढलेली असेल आणि कुठेतरी दडलेला टीबी डोकं वर काढेल.’’

काकांनी टीबीचा मुद्दा मान्य केला. त्यांच्या रुग्णांत तो त्यांनी पाहिला होता. पण त्यांच्याकडे दुसरा मुद्दा तयार होता, आणि तो जुनाट मुळीच नव्हता. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीत किडनीच्या गाळणीवरल्या एका प्रथिनाविरुद्ध शरीरच प्रतिपिंडं तयार करतं, हे २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. त्या प्रथिनाचं नाव पीएलए२आर. या आजाराच्या साधारण सत्तर टक्के रुग्णांत त्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात सापडतात. म्हणूनच किडनीतज्ज्ञांच्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं, की नेफ्रोटिक सिंड्रोम असलेल्या रुग्णाची ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तर निदानासाठी बायोप्सीची गरज नसू शकते.

‘‘तुमच्याच पुस्तकात लिहिलंय,’’ काका म्हणाले. ‘‘हाताच्या शिरेतून पाच मिलिलिटर रक्त घ्या, पाठीतून किडनीचा तुकडा कशाला?’’

‘‘घेतलं होतं रक्त. तपासणी निगेटिव्ह आली.’’

इथे वादाने वळण घेतलं. पॉझिटिव्ह रक्ततपासणी सुई वाचवू शकते. निगेटिव्ह आली तर ती काहीच ठरवत नाही. मेम्ब्रेनस असू शकतो, नसूही शकतो, आणि असलाच तर कशामुळे, हे रक्त सांगत नाही. ल्युपसची तपासणी निगेटिव्ह होती, हिपॅटायटिस आणि एचआयव्हीही नव्हते. निदान अडलं होतं आणि किडनी अजून चांगली होती. बायोप्सी करायची ती अशाच वेळी. किडनी आक्रसून आठ-साडेआठ सेंटिमीटरची झाली, की सुईतून फक्त व्रण हाती येतात, आणि पातळ झालेल्या किडनीतून रक्तस्रावाची भीती वाढते. क्रिएटिनिन अचानक का चढतंय ते कळत नसेल, लघवीत लाल पेशींच्या नळकांड्या दिसत असतील, ल्युपसच्या रुग्णाच्या लघवीतून प्रथिनं जायला लागली असतील किंवा बसवलेली किडनी बिघडत असेल, तेव्हाही बायोप्सी लागते. वर्षानुवर्षं मधुमेह असलेल्या आणि डोळ्यांच्या पडद्यावरही त्याच्या खुणा असलेल्या माणसाला मात्र बहुधा ती लागत नाही.

काकांनी शेवटी चिठ्ठी लिहून दिली, पण अट घातली. ‘‘तिच्या नवऱ्याने मला विचारलंय, किडनीला भोक पाडल्यावर ती निकामी होणार का? त्याला काय सांगू?’’

पुतणीने त्यांना पूर्ण प्रक्रिया सांगितली. आधी प्लेटलेट, रक्त गोठण्याचा वेळ, हिमोग्लोबिन आणि रक्तगट पाहतात. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल, तर ती कशासाठी दिली आहे हे बघून काही दिवस आधी थांबवतात. रक्तदाब १४०/९० च्या खाली आणतात, कारण चढलेल्या दाबात टोचलेली किडनी जास्त रक्त सांडते. रुग्णाला पालथं झोपवतात आणि पोटाखाली चादरीची गुंडाळी ठेवतात, म्हणजे किडनी पाठीकडे येते. सोनोग्राफीने किडनीचं खालचं टोक शोधतात, बहुतेकदा डाव्या बाजूचं. मोठ्या रक्तवाहिन्या किडनीच्या मध्यभागी असतात आणि खालच्या टोकाला फक्त बाहेरचा थर सापडतो. हवा असतो तो हाच थर, कारण गाळण्याचं काम करणारे केशवाहिन्यांचे गुच्छ, म्हणजे ग्लोमेरुलाय, त्यातच असतात.

‘‘कातडीपासून किडनीपर्यंत लिग्नोकेनने भूल देतो. मग स्प्रिंगवर चालणारी सुई सोनोग्राफीत बघत बघत किडनीच्या पृष्ठभागापर्यंत नेतो आणि सांगतो, श्वास रोखा. किडनी श्वासाबरोबर वरखाली सरकते. श्वास चालू असताना सुई सुटली तर तुकडा निघण्याऐवजी किडनी चिरली जाईल. ‘खट्’ असा आवाज होतो. त्या आवाजाने माणूस दचकतो, म्हणून तो आधीच एकदा ऐकवतो. दोन तुकडे घेतो. शेवयीच्या तुकड्याएवढे, दीडेक सेंटिमीटर लांब आणि जेमतेम एक मिलिमीटर जाड.’’

‘‘आणि त्यात किती गुच्छ जातात?’’

‘‘दहा, वीस, कधी तीस. एका किडनीत सुमारे दहा लाख असतात. नवऱ्याला हे सांगा.’’

काकांचा खरा रोख मात्र रक्तस्रावावर होता, आणि तो रास्त होता. किडनीतून दर मिनिटाला साधारण एक लिटर रक्त वाहतं, दोन्ही मिळून. अशा अवयवाला टोचल्यावर रक्त येणारच, फक्त किती आणि किती वेळ हा प्रश्न. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात लाखाहून अधिक बायोप्सींचे निकाल एकत्र तपासले होते. शंभरातल्या अकरा जणांच्या किडनीभोवती रक्ताची गाठ दिसली. यांतल्या बहुतेकांना काही करावं लागत नाही. उघड लाल लघवी साडेतीन टक्क्यांना झाली. रक्त चढवावं लागलं ते १.६ टक्क्यांना. रक्तस्राव थांबवायला वेगळा उपचार करावा लागला हजारात तिघांना. मृत्यूचं प्रमाण दहा हजारांत सहा होतं, आणि ते मुख्यतः आधीच गंभीर आजारी होऊन दाखल झालेल्या, क्रिएटिनिन झपाट्याने चढत असलेल्या रुग्णांत होतं.

‘‘हजारात तीन म्हणजे कमी, असं तू म्हणशील,’’ काका म्हणाले. ‘‘ज्याला होतं त्याला ते पूर्ण होतं. आणि माझी हरकत आकड्यांवर नाहीच, वेळेवर आहे. काही ठिकाणी सकाळी बायोप्सी करून संध्याकाळी घरी पाठवतात. तुमच्या परळहून ही बाई प्रभादेवीला येणार, विरार लोकलच्या गर्दीत उभी राहणार, तासाभराने भाईंदरला उतरणार, मग रिक्षा. रात्री दोन वाजता लघवी लाल झाली तर ती कुठे जाईल?’’

पुतणीने यावर वाद घातला नाही. शिकागोत साडेसातशे बायोप्सींचा एक अभ्यास झाला होता. गुंतागुंत झालेल्यांपैकी दोन तृतीयांश रुग्ण आठ तासांत ओळखता आले, उरलेले त्यानंतर. म्हणजे सहा-आठ तास ठेवून सोडलं, तर गुंतागुंत होणाऱ्या तिघांतला एक रुग्ण घरी गेल्यावर बिघडणार. जवळ राहणाऱ्या, सोबत माणूस असलेल्या आणि धोका कमी असलेल्या रुग्णाला त्याच दिवशी सोडणं चुकीचं नाही. भाईंदरहून आलेल्या रुग्णाला रात्रभर ठेवणंच योग्य, यावर दोघांचं एकमत झालं. लेखकालाही घराचं अंतर वैद्यकीय कागदावर लिहिण्याजोगी गोष्ट वाटते.

ती रात्र अशी जाते. पहिले सहा तास उताणं पडून राहायचं. सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब, मग हळूहळू अंतर वाढवत. प्रत्येक वेळची लघवी वेगळ्या पारदर्शक बाटलीत घेऊन त्या ओळीने ठेवतात, कारण एका बाटलीचा रंग फारसं सांगत नाही, क्रम सांगतो. पहिली गुलाबी, दुसरी फिकट, तिसरी पिवळी, म्हणजे सगळं ठीक. पहिली पिवळी आणि तिसरी लाल, तर डॉक्टरला उठवायचं. गाठी पडून लघवी अडली, कुशीत दुखणं वाढत गेलं, नाडी शंभरच्या पुढे पळायला लागली किंवा हिमोग्लोबिन दोन अंकांनी उतरलं, तरी लगेच सोनोग्राफी करतात. रक्त थांबतच नसेल तर जांघेतल्या धमनीतून बारीक नळी किडनीपर्यंत नेऊन फुटलेली वाहिनी आतूनच बंद करतात. किडनी काढावी लागण्याची वेळ फार क्वचित येते. घरी गेल्यावर दोन आठवडे पाण्याची कळशी उचलायची नाही. या बाईच्या बाबतीत खोके उचलायचे नव्हते, आणि कारखान्यासाठी तसं लिहून द्यावं लागलं.

तिची पहिली बाटली किंचित गुलाबी होती, दुसरी स्वच्छ.

आठवड्याने अहवाल आला. तो काकांना व्हॉट्सॲपवर मिळाला आणि ते वैतागले. दोन पानं, आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘ॲबनॉर्मल’ असं कुठेच नाही. पुतणीने तो त्यांच्यासोबत वाचला.

‘‘सर्वांत आधी बघायचं, नमुना पुरेसा आहे का. इथे बावीस ग्लोमेरुलाय मिळालेत. दहाच्या वर असले की बरं. दोन-तीनच असते तर बाकी सगळं वाचताना हात राखून वाचावं लागलं असतं, कारण काही आजार थोड्याच गुच्छांत असतात आणि छोट्या नमुन्यातून निसटतात. बावीसपैकी एकच निबर झालाय. या वयाला तेवढं चालतं. पुढे लिहिलंय, नलिकांचा ऱ्हास आणि मधल्या भागातला व्रण पाच टक्क्यांहून कमी. ही ओळ लोक वाचत नाहीत, पण किडनीचं भविष्य हीच सांगते. पन्नास टक्के असता तर आजार बरा करूनही किडनी पूर्ण परत आली नसती.’’

तुकड्यांचे खरं तर तीन भाग झाले होते. एक फॉर्मेलिनमध्ये, साध्या सूक्ष्मदर्शकासाठी. दुसरा वेगळ्या द्रावणात, चमकणारे रंग जोडून प्रतिपिंडं शोधण्यासाठी. तो चुकून फॉर्मेलिनमध्ये पडला तर ही तपासणी बिघडते. असं घडतं, आणि मग रुग्णाने सोसलेल्या सुईचा अर्धा उपयोग वाया जातो. तिसरा भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी.

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्यांच्या भिंती जाड दिसत होत्या आणि चांदीच्या रंगात त्यांच्या बाहेरच्या बाजूला बारीक काटे उमटले होते. चमकत्या रंगात आयजीजी प्रतिपिंडाचे कण तीन प्लस. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तेच कण भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बसलेले दाखवले. म्हणजे मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी. इथपर्यंत काकांना अंदाज होताच. पुढच्या दोन ओळींचा नव्हता. पीएलए२आर निगेटिव्ह. नेल-१ पॉझिटिव्ह.

नेल-१ हे प्रथिन मेम्ब्रेनस आजाराशी जोडलं गेलं ते २०२० मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांकडून. परदेशातल्या एका अभ्यासात अशा दर तीन रुग्णांतल्या एकाच्या शरीरात कर्करोग सापडला. भारतात चित्र वेगळं निघालं. इथे काही पारंपरिक औषधं आणि गोरेपणाची क्रीमं समोर आली, आणि दोन्हींत संशय पाऱ्यावर होता. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मेम्ब्रेनसचे बावीस रुग्ण तपासले. पंधरा जण नेल-१ पॉझिटिव्ह होते आणि त्यांतल्या तेरा जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचं सांगितलं. आपल्याकडे २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याचं प्रकरण बातम्यांत आलं. एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण या तिघींच्या किडन्या एकाच क्रीममुळे बिघडल्याचं केईएम रुग्णालयाचे डॉ. तुकाराम जमाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखलं. त्या क्रीममध्ये पारा सापडला होता. पारा त्वचेतला काळसर रंग बनवणारं विकर अडवतो, म्हणून चेहरा खरोखर उजळतो. तोच पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि किडनीत साठतो. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत डोळ्यांभोवतीची उत्पादनं सोडली, तर नकळत आलेल्या पाऱ्यालाही दशलक्षात एक भाग एवढीच सवलत आहे.

पुतणीने बाईला फोन लावून विचारलं. बाईने डबी आणली. डबीवर ना उत्पादकाचा पत्ता, ना बॅच नंबर. वर्षभर रोज रात्री लावत होती. रक्तातला आणि लघवीतला पारा तपासला, तो वाढलेला निघाला.

‘‘आता मला सांग,’’ काका म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज चढला होता, ‘‘हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर? चेहऱ्याला काय लावतेस, एवढाच प्रश्न. पाऱ्याची रक्ततपासणी झाली असती, क्रीम बंद झालं असतं, सुई टळली असती.’’

‘‘विचारलं होतं. बाहेरची काही औषधं घेता का, असं. ती नाही म्हणाली.’’

‘‘क्रीमला औषध कोण म्हणतं? प्रश्न चुकला. तुमचाही आणि माझाही. घरातल्या बायकांचे सगळे डबे मला माहीत आहेत अशा समजुतीत मी राहिलो.’’

पुतणीने हे मान्य केलं, पण अर्धंच. प्रश्न आधी विचारायला हवा होता. तरी रक्तातला पारा वाढलेला आहे म्हणून किडनीचा आजार त्याचाच, असं सिद्ध होत नाही. क्रीम तर लाखो बायका लावतात. पाऱ्यामुळे मेम्ब्रेनसखेरीज दुसराही एक आजार होतो, आणि त्याला स्टेरॉइड उपयोगी पडतं. शिवाय नेल-१ कळलं म्हणूनच छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी आणि स्तनांची तपासणी झाली. त्यात काही निघालं नाही, पण बघितल्याशिवाय तसं म्हणता आलं नसतं. आणखी एक गोष्ट होती. मेम्ब्रेनसमध्ये अल्ब्युमिन एवढं खाली असलं की रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. कोट्टक्कलच्या एका रुग्णाच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी झाली होती. या बाईला रक्त पातळ करणारं औषध द्यायचं ठरलं, पण बायोप्सीची जखम भरावी म्हणून आठवडाभर थांबून. निदान नक्की नसताना असं औषध सुरू करायला कुणीही कचरलं असतं.

स्टेरॉइड दिलंच नाही. क्रीम बंद केलं, मिठावर बंधन घातलं, सूज उतरवणारी आणि प्रथिनांची गळती कमी करणारी गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी लघवीतली प्रथिनं ६.२ वरून २.४ ग्रॅमवर आली, सहा महिन्यांनी ०.७ वर. अल्ब्युमिन ३.६ झालं आणि रक्त पातळ करणारी गोळी थांबली. काकांनी विचारलं, आता खात्रीसाठी पुन्हा बायोप्सी करणार का? पुतणीने सांगितलं, नाही. गाळणीवर बसलेले कण विरघळायला प्रथिनांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. अहवाल पुन्हा मेम्ब्रेनसच म्हणेल आणि उपचारात काही बदलणार नाही.

मध्यंतरी काकांनी स्वतःहून एक काम केलं होतं. तीच डबी बाईची धाकटी जाऊ वापरत होती. तिला सूज नव्हती, काही त्रास नव्हता. तरी त्यांनी तिची लघवी तपासली. पट्टीवर दोन प्लस. चोवीस तासांत ९०० मिलिग्रॅम. क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन ठीक, पारा वाढलेला.

‘‘हिला घेऊन जा परळला,’’ काका म्हणाले. ‘‘बायोप्सी करा. एका घरात दुसरी केस आहे.’’

‘‘नको, काका. अल्ब्युमिन चांगलं आहे, किडनी चालतेय, कारण हाताशी आहे. क्रीम बंद करू, दर महिन्याला लघवी बघू. प्रथिनं वाढली, लाल पेशी दिसल्या, क्रिएटिनिन हललं किंवा तीन महिन्यांत उतार दिसला नाही, तर त्या दिवशी टोचू.’’

काकांना हे पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, पहिल्या बाईला जो नियम लावला तोच दुसरीला लावा. पुतणीचं म्हणणं, नियम तोच आहे. पहिल्या वेळी सुईशिवाय उपचार ठरत नव्हता, या वेळी तो ठरलेला आहे. जावेची दुसऱ्या महिन्याची लघवी तपासायची तारीख काकांनी दवाखान्यातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. आणि आता ते सूज घेऊन आलेल्या प्रत्येकाला चेहऱ्याला लावायची डबी सोबत आणायला सांगतात. पुरुषांनाही.